अभिनंदनात ‘पण’ नको

शाळेची मधली सुट्टी संपत आली होती. डबा धुऊन वर्गाकडे निघाले, तेवढ्यात फोन वाजला. मैत्रिणीचा मेसेज होता. तीनच शब्द होते, पण त्यामागे दीड वर्ष होतं : ‘आलं गं पत्र!’ आणि लगेच दुसरा : ‘स्टुटगार्ट.’

मी व्हरांड्यातच थांबून उत्तर लिहिलं, ‘अगंऽ अभिनंदन! मी शाळेत आहे. संध्याकाळी येतेच. सगळं पहिल्यापासून ऐकायचंय मला.’ मग सातवीच्या वर्गात गेले, फळ्यावर तारीख लिहिली आणि तिथेच घसा दाटून आला. आनंद खरा होता, दुःखही खरं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला सांगायच्या होत्या आणि कशा सांगायच्या ते मला कळत नव्हतं.

परदेशी नोकरीची बातमी आता केवळ मोठ्या शहरांची राहिलेली नाही. 2024 साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. माझी मैत्रीण अशा कुठल्या सरकारी योजनेतून गेली नाही, स्वतःच अर्ज करून गेली. पण मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात अलीकडे प्रत्येक वॉर्डात एखादी तरी सिस्टर जर्मनचा क्लास लावून बसलेली असते. म्हणजे मागे राहणाऱ्या मैत्रिणीही तितक्याच. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली दहा मिनिटं

आनंदाची बातमी सांगणाऱ्याला समोरचा माणूस काय उत्तर देतो, याचा अभ्यास अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि 2004 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी उत्तरांचे चार प्रकार मांडले. त्यांचा अभ्यास मुख्यतः जोडप्यांचा होता. मैत्रीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी ते चार प्रकार वाचताना मला आमच्या गल्लीतली माणसं डोळ्यांसमोर दिसली.

पहिला प्रकार आनंदात सामील होणाऱ्यांचा. ‘कधी कळलं? तू तेव्हा कुठे होतीस? घरी आधी कुणाला सांगितलंस?’ दुसरा प्रकार थंड कौतुकाचा. ‘अरे वा, छान,’ एवढं म्हणून माणूस आपल्या कामाला लागतो. तिसरा प्रकार बातमीत पूर्ण रस घेऊन तिच्यातली खोट काढणाऱ्यांचा. ‘तिकडे थंडी किती असते ठाऊक आहे ना? आणि आईचं कोण बघणार?’ चौथा प्रकार विषयच बदलणाऱ्यांचा. ‘आमच्या पुतणीचंही कॅनडाचं चाललंय बरं का!’ या चारांपैकी पहिल्या प्रकारचं उत्तर मिळणाऱ्यांची नातीच अधिक समाधानाची आढळली. दुसरा प्रकार वरकरणी निरुपद्रवी वाटतो, पण कोरडं ‘छान’ही बातमी सांगणाऱ्याला पुरत नाही.

मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जिवाभावाची मैत्रीण सहसा तिसऱ्या प्रकारात जाऊन पडते, आणि तेही प्रेमापोटी. बातमी ऐकताक्षणी तिच्या तोंडून निघतं, ‘अगं बाई, मग माझं कसं होणार?’ तिच्या लेखी हे प्रेम असतं. ऐकणारीच्या बाबतीत मात्र असं होतं, की तिच्या आनंदाला अजून मिनिटही झालेलं नाही आणि तिला दुसऱ्याची समजूत घालावी लागते. ‘आम्हाला विसरू नकोस हं,’ यानेही तेच होतं. जी अजून गेलेलीही नाही, तिच्यावर विसरण्याचा आळ आधीच येतो.

म्हणून पहिली दहा मिनिटं, खरं तर पहिले दोनतीन दिवस, पूर्णपणे तिचे असू द्यावेत. त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले आणि फक्त विचारत राहिले. हॉस्पिटल केवढं आहे, वॉर्ड कुठला, मुलाखतीत काय विचारलं. पगार विचारला नाही, तो तिनेच सांगितला. ‘परत कधी येणार?’ हेही विचारलं नाही. पत्र आलं त्याच दिवशी परतीचा हिशोब कशाला मांडायचा?

पत्राचे तीन खर्डे

मंगळवारी बातमी आली. रविवारी मी पत्र लिहायला बसले. आम्ही रोज भेटत होतो, तरीही पत्रच हवं होतं. समोरासमोर बोलले असते तर डोळ्यांत पाणी आलं असतं आणि पुढचं सगळं बोलणं त्या पाण्याभोवतीच फिरलं असतं.

पहिला खर्डा असा झाला : ‘तुझ्या निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन! तुझ्या उज्ज्वल भवितव्यासाठी मनःपूर्वक शुभेच्छा!’ वाचून पाहिलं तर चौकातला फ्लेक्स वाटला. नाव बदललं की नगरसेवकालाही चालेल असा. यात तिचं काही नव्हतं आणि माझंही काही नव्हतं.

दुसरा खर्डा मनातलं ओतून लिहिला : ‘अभिनंदन, पण तू गेलीस की मी कुणाकडे बघायचं? इतकी वर्षं रोज भेटायची सवय लावलीस आणि आता सोडून चाललीस.’ हे खरं होतं. तरी पुन्हा वाचताना दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे तो ‘पण’. ‘पण’च्या आधीचं वाक्य मराठी माणूस फारसं ऐकतच नाही. ‘मुलगी गुणी आहे, पण...’ म्हटलं की सगळ्यांचे कान पुढच्या शब्दाकडे लागतात. अभिनंदनापुढे ‘पण’ आला की अभिनंदन ही प्रस्तावना होऊन जाते. दुसरी गोष्ट क्रियापदांची. सवय लावलीस, सोडून चाललीस. प्रत्येक क्रियापदाचा कर्ता तीच. मी दुःख सांगायला बसले होते आणि कागदावर आरोपपत्र उतरलं होतं.

मग तिसरा खर्डा लिहिला. तो तिला दिला. तिला विचारून त्यातला मुख्य भाग इथे देते.

‘रात्रपाळी करून आलीस की दोन तास झोपून तू जर्मन घेऊन बसायचीस. माझ्या स्वयंपाकघरातही चिठ्ठ्या लावल्या होत्यास. फ्रिजवर “डेअर क्यूलश्रांक”, दारावर “डी ट्यूर”. बी-2 च्या परीक्षेत पहिल्यांदा बोलण्यात अडकलीस. चार दिवस कुणाशी बोलली नाहीस, पाचव्या दिवशी पुन्हा फॉर्म भरलास. ही नोकरी तुला कुणी दिलेली नाही, तू मिळवली आहेस. मला फार फार आनंद झालाय.

आता माझं सांगते. संध्याकाळी साडेसहा वाजले की माझे पाय आपोआप चपलांकडे वळतात. तू गेल्यावर त्या वेळेला मला करमणार नाही. बरेच दिवस करमणार नाही. हळूहळू होईल सवय. तुला हे सांगितलं, कारण तू मला किती हवी आहेस ते तुला ठाऊक असावं. तू निर्धास्त जा. आणि पोहोचलीस की तुझ्या खिडकीतून काय दिसतं ते मला आधी कळव.’

या खर्ड्यात काय बदललं? अभिनंदन आणि वियोग यांचे दोन वेगळे परिच्छेद झाले. मधला ‘पण’ गेला आणि त्याच्या जागी ‘आता माझं सांगते’ आलं. त्यामुळे एकाने दुसऱ्याला खोडलं नाही. कौतुकाचा भाग मोठा झाला आणि तो तिलाच लागू पडेल असा झाला. चिठ्ठ्या, नापास होणं, पाचवा दिवस हे दुसऱ्या कुणाच्या पत्रात लिहिताच येणार नाही. वियोगाचा भाग छोटा झाला आणि एकाच गोष्टीवर थांबला, साडेसहाच्या चपलांवर. आणि शेवट पुन्हा तिच्याकडे गेला, तिच्या खिडकीकडे.

‘करमत नाही’ची किंमत

हल्ली आपण सर्रास म्हणतो, ‘मी तुला खूप मिस करेन.’ त्यात वावगं काही नाही. मात्र शेजारच्या गावी बदलून जाणाऱ्या साहेबांनाही आपण तेच म्हणतो. ‘तुझी उणीव भासेल’ हे निरोपसमारंभाचं वाक्य, शाल-श्रीफळाबरोबर शोभणारं. ‘तुझी आठवण येईल’ हे जवळचं आहे. पण रोजचा सहवास तुटणार असेल तर मराठीत त्यासाठी नेमकं क्रियापद आहे, करमणं.

या शब्दाची रचना बघण्यासारखी आहे. आपण ‘मी करमत नाही’ असं म्हणत नाही, ‘मला करमत नाही’ असं म्हणतो. भूक लागते, थंडी वाजते, झोप येते, तसंच हे. यात कुणी काही केलेलं नसतं, मला काहीतरी होत असतं. ‘तू मला सोडून चाललीस’मध्ये अपराधी ठरते. ‘मला करमणार नाही’मध्ये कुणीच अपराधी नाही. आतली गोष्ट खरी सांगितली जाते आणि समोरच्यावर ओझंही पडत नाही. या शब्दाचा दुसरा गुण असा, की करमेनासं होतं ते बहुधा एखाद्या वेळेला किंवा जागेला. तिन्हीसांजेला करमत नाही, रविवारी करमत नाही, घरात करमत नाही. म्हणून ‘तुझ्यावाचून जगणं कठीण आहे’सारखी मोठी वाक्यं या शब्दाशेजारी नीट बसत नाहीत. तो आपल्याला नेमकं बोलायला लावतो.

एक प्रश्न मात्र पत्र लिहिण्याआधी स्वतःला विचारायला हवा. आपल्याला होतंय ते दुःख वियोगाचं आहे की हेव्याचं? दोन्हींची कळ सुरुवातीला सारखीच असते. मी अशी पारख केली. समजा, एवढ्याच पगाराची आणि मानाची नोकरी तिला इथेच मिरजेत मिळाली असती आणि आमचं संध्याकाळचं फिरणं चालू राहिलं असतं, तर मला कसं वाटलं असतं? बहुतेक सगळी कळ त्या कल्पनेने निवली. थोडी उरली. तिच्या आयुष्यात काहीतरी नवं घडतंय आणि माझं वेळापत्रक गेल्या वर्षीचंच आहे, याची ती होती. ती माझी होती, तिचा मैत्रिणीशी संबंध नव्हता. म्हणून ती पत्रात आली नाही. प्रामाणिकपणा म्हणजे मनात आलेलं सगळं सांगणं नव्हे. जे तिच्याबद्दल आहे ते तिला सांगावं, जे आपल्याबद्दल आहे ते आपण निस्तरावं.

न सांगितलं तर काय होतं

पत्र देताना मला संकोच वाटत होता. चाळिशीतल्या बायका एकमेकींना असं कुठे लिहितात? अमित कुमार आणि निकोलस एप्ली या अभ्यासकांनी 2018 मध्ये याच संकोचाबद्दल लिहिलं आहे. त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला सांगितली आणि मग पत्र मिळालेल्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना आनंद जास्त झाला होता आणि अवघडलेपण कमी वाटलं होतं. आमचं पत्र कृतज्ञतेचं नव्हतं, निरोपाचं होतं. अनुभव मात्र तसाच आला.

पत्र वाचून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘बरं झालं लिहिलंस. मला वाटायला लागलं होतं की तुला काहीच वाटत नाहीये.’

हे मी अजिबात ओळखलं नव्हतं. तिचा आनंद विरजायला नको म्हणून मी पाच दिवस हसतमुख राहिले होते आणि तिने त्याचा अर्थ कोरडेपणा असा लावला होता. दुःख लपवण्यातला धोका हाच. समोरच्याला आपला संयम दिसत नाही, नुसती अलिप्तता दिसते.

त्यानंतर तीही बोलली. सगळ्या गावाने अभिनंदन केल्यामुळे तिला भीती वाटते हे सांगायची सोयच उरली नव्हती. तिकडे पोहोचल्याबरोबर ती पूर्ण परिचारिका म्हणून काम करणार नव्हती. इथल्या शिक्षणाला तिथल्या राज्याच्या कार्यालयाची मान्यता मिळावी लागते. अभ्यासक्रमात फरक आढळला तर तो भरून काढण्यासाठी प्रशिक्षण घ्यावं लागतं किंवा परीक्षा द्यावी लागते. तोवर सहायक म्हणून काम. ‘अकरा वर्षं वॉर्ड सांभाळलाय मी. आता पुन्हा बेडशीट बदलण्यापासून,’ ती म्हणाली. मी माझं मन मोकळं केलं, म्हणून तिला तिचं करता आलं.

येते

निघायच्या दिवशी रात्री मिरज जंक्शनवर महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची होती, मग मुंबईहून विमान. तिच्या आईने घरचं कढवलेलं तूप बाटलीत भरून तयार ठेवलं होतं. ते ठेवून जावं लागलं, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. मी मेतकूट आणि गोडा मसाला दिला. बॅग 23 किलोंच्या आत बसवताना मेतकुटाची एक पिशवी परत बाहेर निघाली. ती मी घरी आणली.

आईने हातावर दही घातलं. उंबऱ्यावर ती ‘येते’ म्हणाली. आपल्याकडे निघणाऱ्याने ‘जाते’ म्हणू नये असा संकेत आहे. मागे राहणाऱ्यानेही निघत्या पावली रडू नये म्हणतात. लहानपणी मला हे ढोंग वाटायचं. आता वाटतं, यामागे एक शहाणपण आहे. सामान, तिकीट, पासपोर्ट सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात त्या क्षणी आणखी काही देऊ नये. पण हा संकेत पाळायचा तर मन आधीच मोकळं करून ठेवायला हवं. सांगायचं सगळं शेवटच्या दिवसासाठी साठवलं की फलाटावर रडू येतं आणि गाडीत बसलेलं माणूस रात्रभर तेच आठवत जातं. आमचं सगळं महिनाभर आधीच सांगून झालं होतं. गाडी हलली तेव्हा मी एवढंच म्हणाले, ‘खिडकीतून काय दिसतं ते कळव.’

तिने कळवलं. ट्रामचे रूळ, एक बेकरी आणि समोरच्या टेकडीवर द्राक्षांचे मळे. ‘तासगावसारखं दिसतं गं,’ असंही लिहिलं होतं.

फोनची वेळ आम्ही हिशोब करून ठरवली. तिची सकाळपाळी दुपारी दोनच्या सुमारास संपते. ती खोलीवर येऊन तीनला फोन करते. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असतं, म्हणजे इथे साडेसहा. मी चपला घालायचे, कानाला फोन लावायचे आणि आमचं फिरणं चालू राहायचं. ज्या वेळेला करमणार नाही असं मी लिहिलं होतं, नेमकी तीच वेळ तिने भरून दिली होती. पत्रात मोघम काही न लिहिता ती वेळ लिहिली, याचा हा फायदा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात. तिचे दुपारचे तीन आता आमच्याकडे साडेसात. फिरणं आणि फोन यांची ताटातूट झाली. नोव्हेंबरमध्ये एकदा फोन आला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. तिथे दिवस साडेचारपाचलाच मावळायला लागला होता, मान्यतेचे कागद अडकले होते आणि त्या आठवड्यात ती कुणाशीच मराठी बोलली नव्हती. ‘मला करमत नाही गं इथे,’ ती म्हणाली.

‘बघ, सगळे सांगत होते,’ हे मी म्हणाले नाही. ‘मग परत ये,’ हेही नाही. कुठल्या वेळेला करमत नाही, तेवढं विचारलं. ‘अंधार पडला की,’ ती म्हणाली. तिथे पावणेपाच म्हणजे इथे सव्वानऊ. तेव्हापासून त्या वेळेला मी दुसऱ्या दिवशीच्या वह्या तपासत बसते, शेजारी फोन चालू ठेवून. फारसं बोलणं होत नाही. ती तिकडे भात लावते, कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू येतात.

साडेसहाला मी अजूनही फिरायला जाते, एकटीच. निघताना दार ओढून घेते तेव्हा तिची चिठ्ठी दिसते, ‘डी ट्यूर’. कोपरा सुटला होता, तो मी परवा पुन्हा चिकटवला.